मागून येणाऱ्याला तुमची ट्रॉली किती लांबून दिसते?

जानेवारीत रात्री साडेआठच्या सुमारास मी देपालपूरहून इंदूरला बाइकवर येत होतो, हातोदच्या अलीकडे समोरून एक बस आली, तिचा उजेड डोळ्यावर पडला म्हणून मी थोडा स्लो झालो, आणि बस गेल्यावर समोर जो काळोख होता त्यात एकदम लोखंडाचा एक आडवा पट्टा दिसला. ट्रॉलीचा फाळका होता तो, म्हणजे मागची उघडझाप होणारी बाजू. लसणाची पोती भरलेली, पंक्चर झालेली, अर्धी रस्त्यावर आणि अर्धी खाली, मागे एक दिवा नाही, एक रिफ्लेक्टर नाही. ब्रेक दाबला, बाइक घसरली, मी पडलो नाही पण माझं पुढचं चाक आणि तो फाळका यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. ट्रॅक्टरवाला बिचारा जॅक लावत होता, तो म्हणाला, भैया मी तर पुढची लाइट चालूच ठेवली होती.

त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यात बसला, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढची लाइट खरंच चालू होती. पण मला ती कशी दिसणार, मी तर मागून येत होतो. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला वाटतं आपल्याकडे उजेड आहे, आवाज आहे, एवढा मोठा लोखंडाचा डोंगर आहे, मग आपण दिसतोच. मागून येणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. हेल्मेटमध्ये आवाज येत नाही आणि डोंगराचा रंग मातीचा असतो.

आमच्या मामांची शेती देपालपूरकडे आहे, गहू, सोयाबीन आणि थोडा लसूण, म्हणून ट्रॉली हा आमच्या घरचाच विषय. मंडीत सकाळी नीलाम असतो, त्यामुळे शेतकरी आदल्या रात्रीच निघतो, नंबर लागावा म्हणून. मग रात्री जाऊ नका हा सल्ला काही कामाचा नाही, जावंच लागतं. जायचं तर दिसत जायचं, आणि त्यात कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय करावं लागतं तेवढं इथे लिहितो.

आधी हिशोब बघा, कारण हा हिशोब कळला की बाकी सगळं आपोआप कळतं.

बाइक ताशी 60 च्या स्पीडने चाललीय म्हणजे ती एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते. रात्री अचानक काही दिसलं की डोळ्याने बघून, हे काय आहे ते ओळखून, हात ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद सहज जातात, म्हणजे 33 मीटर तर नुसत्या विचारात गेले. मग ब्रेक लागल्यावर सुक्या चांगल्या रस्त्यावर अजून 23 मीटरच्या आसपास. एकूण 55-56 मीटर पाहिजेत. आता बाइकचा किंवा कारचा डिपर, म्हणजे लो बीम, तो खाली रस्त्याकडे वाकवलेला असतो आणि त्यात मातीच्या रंगाची काळपट वस्तू 40 मीटरच्या आसपास आल्यावरच नीट ओळखू येते. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. उभ्या ट्रॉलीचा हिशोब केला तर ब्रेक पूर्ण दाबूनसुद्धा माणूस जवळजवळ 50 च्या स्पीडने तिच्यावर आदळतो. तो बेफाम चालवत नव्हता, प्यायलेला नव्हता, 60 ने चालला होता एवढंच.

तीच ट्रॉली ताशी 15 ने चालत असेल तर दोघांच्या स्पीडमधला फरक 45 चा राहतो आणि मग 38-40 मीटरमध्ये कसंबसं निभावतं. म्हणून चालत्या ट्रॉलीपेक्षा उभी ट्रॉली जास्त घातक, आणि पंक्चर झालेली, डिझेल संपलेली, हूक तुटलेली ट्रॉली रस्त्यावर असते तेव्हा नेमकी उभीच असते. कारवाला 80 ने येत असेल तर चालत्या ट्रॉलीलाही 60 मीटरच्या वर अंतर लागतं, म्हणजे त्याच्यासाठी दोन्ही सारखंच.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे आहेत, त्यात दिव्यांसाठी नियम 105 आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, आणि जेव्हा पुरेसा उजेड नसेल तेव्हा, म्हणजे धुक्यातसुद्धा, दिवे चालू पाहिजेत. पुढचा उजेड असा की 155 मीटरवरचा माणूस किंवा गाडी स्पष्ट दिसावी, मागचा लाल दिवा दुरून दिसेल असा, आणि मागची नंबर प्लेट पांढऱ्या दिव्याने अशी उजळलेली की 15 मीटरवरून वाचता यावी. आणि तिथे ट्रेलरवरच्या नंबर प्लेटचाही वेगळा उल्लेख आहे, हे महत्त्वाचं. कारण बहुतेक लोकांना वाटतं दिवे ट्रॅक्टरचे असतात. ट्रॅक्टरचे मागचे दिवे मडगार्डवर असतात आणि ट्रॉली जोडली की ते तिच्या मागे लपतात, पोती भरली की तर पूर्णच. म्हणून ट्रॉलीला स्वतःचे दिवे लागतात.

ते कसे चालतील याची सोय कंपनीने बहुतेक ट्रॅक्टरांवर देऊन ठेवलेलीच असते. ट्रॅक्टरच्या मागे, हूकच्या वरच्या बाजूला सात पिनांचं एक गोल सॉकेट असतं, झाकण असलेलं. मामांच्या ट्रॅक्टरवर ते झाकण मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत मातीने बांधलेलं गांधीलमाशीचं घर होतं, म्हणजे ट्रॅक्टर घेतल्यापासून ते कोणी वापरलंच नव्हतं. त्यात प्लग घालायचा, वायर ट्रॉलीच्या चेसिसच्या आतून मागपर्यंत न्यायची, दोन लाल दिवे आणि दोन इंडिकेटर. ट्रॅक्टरचं काम करणारा कुठलाही इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करून देतो. बिघाड नेहमी एकाच जागी होतो, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे जिथे वायर लोंबकळते तिथे, वळताना ती ताणून तुटते किंवा चाकाखाली येते, म्हणून तिथे थोडी ढील ठेवून वायर पाइपात घालून वर बांधायची.

एक चूक मात्र लोक भरवशाने करतात. मडगार्डवर मागे एक पांढरा दिवा असतो, रात्री नांगरताना मागचं अवजार दिसावं म्हणून. तो शेतातला दिवा आहे. रस्त्यावर लोक तोच लावून ठेवतात की मागच्याला उजेड दिसेल. मागच्याला उजेड दिसतो खरा पण पांढरा दिवा बघून त्याला वाटतं समोरून कोणीतरी येतंय, आणि डोळे दिपल्यामुळे ट्रॉलीचा कोपरा तर त्याला दिसतच नाही. मागे लाल आणि पुढे पांढरं, हा नियम उगीच नाही, रंगावरूनच ड्रायव्हर ठरवतो की ही गाडी माझ्याकडे येतेय की माझ्या पुढे चाललीय.

पण दिवा बंद पडतो. वायर तुटते, बॅटरी उतरते, बल्ब उडतो. पंक्चर झाल्यावर इंजिन बंद करून माणूस गावात मदत आणायला जातो तेव्हा दिवा कुठला? म्हणून खरा आधार रिफ्लेक्टरचा, ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो. आणि याच्याबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते.

रेडियममध्ये रेडियम नसतं. तो स्वतः चमकत नाही, त्याच्यात काही साठवलेला उजेड नसतो. रात्री रस्त्यावर बैलगाडी समोरून आली की बैलांचे डोळे चमकतात ते बघितलंय ना? बैलाच्या डोळ्यात मागे एक चकचकीत पडदा असतो आणि आलेला उजेड तो जिथून आला तिथेच परत पाठवतो. रिफ्लेक्टर नेमकं हेच करतो. त्याच्या पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा बारीक त्रिकोणी खळगे असतात, त्यात उजेड शिरतो, उलटा फिरतो आणि ज्याच्या हेडलाइटमधून निघाला त्याच्याचकडे परत जातो. कार तिरकी असो की सरळ, उजेड तिच्याकडेच परत येतो. आरशाचं तसं नाही, आरसा तिरका असला की उजेड भलतीकडे फेकतो. म्हणून ट्रॉलीमागे जुन्या सीडी लटकवणं किंवा चकचकीत स्टीलचा पत्रा ठोकणं यात अर्थ नाही, दिवसा फार चमकतं आणि रात्री जेव्हा गरज असते तेव्हा काही दिसत नाही.

आता बाजारात लाल चकचकीत चिकटपट्टी स्वस्तात मिळते, नंबर प्लेट आणि स्टिकरवाल्यांकडे, आणि ती दिवसा अगदी खऱ्यासारखी दिसते. खरी-खोटी ओळखायला एक मिनिट लागतं. अंधाऱ्या जागी पट्टी भिंतीला लावा, वीस-पंचवीस पावलं मागे जा, मोबाइलचा टॉर्च आधी कमरेजवळ धरून पट्टीवर मारा आणि मग तोच मोबाइल कानशिलाला लावून, म्हणजे टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला येईल असा धरून मारा. खरा रिफ्लेक्टर दुसऱ्या वेळी एकदम पेटल्यासारखा दिसतो कारण उजेड टॉर्चकडे परत येतो आणि डोळा आता टॉर्चजवळ आहे. नुसती चकचकीत पट्टी दोन्ही वेळी सारखीच मंद दिसते. दुकानात दिवसा करायचं तर दुकानदाराला सांगा शटर अर्धं खाली घ्या, चांगला दुकानदार घेतो.

नियमात रंग ठरलेले आहेत. नियम 104 रिफ्लेक्टरचा आहे, मागे लाल, पुढे पांढरा, बाजूला पिवळा. निळा, हिरवा, गुलाबी, देवाच्या नावाचा चमकीचा, हे शोभेसाठी लावायचं असेल तर लावा पण ते या तिघांच्या बदली चालत नाही. पुढे लाल पट्टी तर कधीच नको, समोरून येणाऱ्याला वाटेल ही गाडी पाठमोरी चाललीय.

मामांची चार चाकी ट्रॉली आम्ही दोन रविवारी मिळून केली, त्यात जे शिकलो ते सांगतो. पहिल्या रविवारी आम्ही चूक केली. लाल पट्टी फाळक्यावर लावली, छान बरोबर मधोमध, अगदी सुंदर दिसत होती. पुढच्याच फेरीत मामांनी भुसा भरला, भुसा भरताना फाळका खाली सोडतात आणि वरून जाळी किंवा पल्ली बांधतात, आणि आमची सगळी पट्टी फाळक्याबरोबर उलटी खाली लोंबत राहिली, रस्त्याकडे तोंड करून. वरून भुशाची पल्ली मागे दोन फूट बाहेर. म्हणजे मागून बघणाऱ्याला पुन्हा अंधारच.

मग दुसऱ्या रविवारी विचार करून केलं. पट्टी फाळक्यावर नाही, चेसिसच्या शेवटच्या आडव्या गर्डरवर, जो कधी हलत नाही आणि झाकला जात नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उंची गुडघा आणि कंबर यांच्या मधली, कारण डिपरचा उजेड तिथेच पडतो, वर डाल्याच्या काठावर लावलेल्या पट्टीला फक्त अप्पर मिळाला तरच चमक येते. दोन्ही कोपऱ्यांवर उभी पट्टी, हातभर लांब. हे कोपरे फार कामाचे आहेत, कारण मधे एकच लाल ठिपका दिसला तर लांबून वाटतं ही सायकल आहे किंवा बाइक आहे, माणूस बाजूने काढायला जातो आणि कोपऱ्यावर आदळतो. दोन्ही टोकं दिसली की रुंदी कळते. आणि भुशासाठी वेगळी एक फळी बनवली, चार फुटांची, तिच्यावर लाल पट्टी, दोन्ही टोकांना दोरी, ती भुशाच्या सगळ्यात मागे आलेल्या भागावर बांधायची. फळी ट्रॅक्टरच्या सीटमागे पडलेली असते, त्यामुळे विसरत नाही.

चिकटवताना एक गोष्ट लक्षात ठेवा, ट्रॉलीचा पत्रा गंजलेला आणि तेलकट असतो, सरळ चिकटवलेली पट्टी पहिल्या पावसात निघून येते. आम्ही वायर ब्रशने गंज काढला, सर्फाच्या पाण्याने धुतलं, तरी मामांना खात्री नव्हती, म्हणाले, "अरे यावर रोज पोती घासतात, टिकायची नाही." मग अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून घेतल्या, त्यावर रिफ्लेक्टर टेप चिकटवला आणि त्या पट्ट्या रिव्हेटने मारल्या. सगळं मिळून खर्च दीड हजाराच्या आत आला, दिवे आणि वायरिंग वेगळं.

पुढच्या बाजूलाही लक्ष द्या. ट्रॅक्टर अरुंद असतो आणि ट्रॉली त्याच्यापेक्षा दोन्हीकडे बाहेर आलेली असते, भुसा भरला तर अजूनच. समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टरच्या दोन लाइटी दिसतात, कधी त्यातली एक बंद असते, तो त्या हिशोबाने बाजू देतो आणि ट्रॉलीचा उजवा पुढचा कोपरा त्याच्या खांद्याला लागतो. म्हणून ट्रॉलीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर पांढरा रिफ्लेक्टर. आणि बाजूंना पिवळा, कारण शेताच्या रस्त्यावरून मेन रोडवर चढताना ट्रॉली काही सेकंद पूर्ण आडवी उभी असते, त्या वेळी मागचा लालही दिसत नाही आणि पुढचा दिवाही नाही.

मग रात्री आठला शेताजवळच्या रस्त्यावर तपासणी केली. ट्रॉली उभी, मी बाइक डिपरवर ठेवून मागे मागे जात होतो आणि मामेभाऊ पावलं मोजत होता. आधी गोणपाट टाकून सगळे रिफ्लेक्टर झाकले, तेव्हा पन्नासेक पावलांवर ट्रॉली आहे हे मला माहीत असूनसुद्धा नीट दिसेना. गोणपाट काढलं आणि दोनशे पावलांवर गेलो, लाल चौकट स्पष्ट, अगदी रुंदीसकट. मामा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातून बाइक घेतली आणि स्वतः जाऊन बघून आले. आल्यावर म्हणाले, "जुन्या ट्रॉलीलाही लाव."

आठ दिवसांनी परत बघितलं तर चमक बरीच कमी. पट्टी खराब नव्हती, धुळीचा थर होता, मातीच्या रस्त्यावर मागच्या चाकांची सगळी धूळ मागच्याच गर्डरवर बसते, पावसात चिखल. ओल्या फडक्याने पुसलं की परत तशीच. म्हणून मंडीला निघायच्या आधी एक फडकं मारणं हे आता डिझेल बघण्यासारखंच काम झालंय.

आता नोंदणीचं, कारण यात गैरसमज भरपूर. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यात ट्रेलर येतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत ट्रॅक्टर एक वाहन आणि ट्रॉली दुसरं वाहन. कलम 39 प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, शेतात चालवा, रस्त्यावर आणलं की नोंदणी पाहिजे. नंबर कसे लावायचे ते कलम 61 मध्ये आहे. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूला, आणि ट्रॉलीच्या मागे ट्रॅक्टरचा नंबर, दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या तर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे. हे सोपं आहे, ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीने झाकला जातो म्हणून तो मागे परत दाखवायचा. आपल्याकडे एमपी 09 चे किती ट्रॅक्टर असे दिसतात की ट्रॉलीमागे शायरी आहे, लिंबू-मिरची आहे, आणि नंबर नाही. बिननोंदणी वाहनाला पहिल्या वेळी कलम 192 खाली 2000 ते 5000 दंड आहे, पुढच्या वेळी जास्त, आणि जेलही लिहिलेली आहे.

पण दंडापेक्षा मोठा मार विम्याचा. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा कोणी काढत नाही, कारण नोंदणीच नाही तर विमा कसा काढणार. मग ट्रॉलीमुळे कोणी जखमी झालं की विमा कंपनी म्हणते ट्रॉली आमच्याकडे नव्हतीच, आणि प्रकरण वर्षानुवर्षं ट्रिब्युनलमध्ये, शेवटी जमीन विकायची पाळी येते. तसंच कागदावर शेतीसाठी लिहिलेलं आणि ट्रॉलीत वीट, रेती, गिट्टी भाड्याने नेली, किंवा वरातीची तीस माणसं बसवली, तिथेही कंपनी हात वर करते. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशिवाय कोणाला बसवायचं नाही असाच नियम आहे, मडगार्डवर पोरं बसवतात ते कायद्याच्याही विरुद्ध आणि जीवाच्याही.

नवी ट्रॉली घेताना अडचण इथे येते की आपल्याकडे ट्रॉली गावच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवतात, वजनाने भाव ठरतो, मजबूत बनते, पण कागद काहीच नसतो. आरटीओ नोंदणी करताना विक्रीचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 21, रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा फॉर्म 22, विमा आणि अर्जाचा फॉर्म 20 मागतो, आणि बनवणाऱ्याचं डिझाइन मंजूर असावं लागतं. वेल्डिंगवाला यातलं काही देऊ शकत नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधीच विचारा, बिल देता का, चेसिस नंबर पंच करून देता का, फॉर्म देता का. जो देत नाही त्याची ट्रॉली चार-पाच हजारांनी स्वस्त असली तरी नंतर ती नोंदवायला गेलात की अडकता, कारण मागून कागद तयार होत नाही. मामांची जुनी ट्रॉली अशीच आहे, ती आता फक्त शेतात आणि खळ्यावर फिरते, मंडीला नवीच जाते. लायसन्सचं सोपं आहे, ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो, त्याचं रिकामं वजन 7500 किलोपर्यंत असेल तर साधं एलएमव्ही चालतं.

बैलगाडीला हे काहीच लागू नाही, कारण ती मोटार वाहनच नाही. नंबर नाही, विमा नाही, फिटनेस नाही. 2019 च्या दुरुस्तीत कलम 138 मध्ये एक नवं पोटकलम आलं, त्याने राज्य सरकारला अधिकार दिला की इंजिन नसलेल्या वाहनांच्या रस्त्यावरच्या वावरावर नियम करावेत, राष्ट्रीय महामार्गाचं असेल तर महामार्ग प्राधिकरणाला विचारून. म्हणजे बैलगाडी कुठे चालेल आणि कशी, हे राज्याच्या हातात आहे. पण कायद्याने विचारलं नाही म्हणून मागून येणारी बस काही थांबत नाही, आणि गाडीवानाकडे तर लोखंडाचा डालाही नाही, तो आणि बैल सरळ मार खातात. नुकसानभरपाई बैलगाडीवाल्याला धडकणाऱ्या वाहनाच्या विम्यातून मागता येते, पण गाडीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नव्हता असं दिसलं तर तुमचीही चूक होती म्हणून रक्कम कापली जाऊ शकते.

आमची आजी सांगायची की पूर्वी गाडीच्या आखाला खाली कंदील टांगायचे. वर नाही, खाली. त्यामुळे तो हलला तरी विझत नसे, पाठीमागूनही दोन चाकांमधून उजेड दिसे आणि बैलांच्या पायापुढची वाटही दिसे. तीच जागा आजही बरोबर आहे. लाकडावर रिफ्लेक्टर टेप चिकटत नाही, म्हणून पत्र्याच्या दोन तुकड्यांवर चिकटवून ते खिळ्यांनी गाडीच्या मागच्या आडव्या लाकडावर दोन्ही टोकांना ठोकायचे, आणि चाकाच्या आऱ्यांवर एक-दोन पिवळ्या पट्ट्या बांधायच्या. चाक फिरलं की त्या पट्ट्या वरखाली हलतात आणि लांबून लगेच कळतं की ही बैलगाडी आहे, हळू चाललीय. कडबा किंवा चारा भरला की मागचं सगळं झाकतं, तिथे ट्रॉलीसारखीच दोरीची फळी लागते.

आणि शेवटी उभ्या ट्रॉलीचं, कारण सुरुवात तिथूनच झाली होती. लोक मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवतात. फांदी दिवसा कळते, रात्री फांदीही मातीच्या रंगाचीच, आणि दगड तर बाइकवाल्याला पाडायलाच असतो, ट्रॉली दुरुस्त करून निघताना तो तिथेच राहतो आणि पुढच्या तासात कोणीतरी त्याच्यावर चढतं. लाल त्रिकोण मिळतो, घडी होते, टूलबॉक्समध्ये मावतो. तो ट्रॉलीला टेकवून ठेवायचा नाही, मागे मोजून साठ-सत्तर पावलं लांब, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वरच्या हिशोबातले दोन सेकंद ट्रॉलीच्या आधीच मिळतात. मामांच्या ट्रॅक्टरला आता त्रिकोण, ती चार फुटांची फळी आणि पुसायचं फडकं, तिन्ही सीटमागे एका पिशवीत बांधून ठेवलेले असतात.